भिंत वाळेपर्यंत

28 एप्रिलला दुपारी मी पहिल्यांदा वडगावच्या त्या घरी गेले, तेव्हा काकूंनी पलंग सरकवून पश्चिमेची भिंत दाखवली. छतापासून साधारण वीतभर खाली सुरू होणारा, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच असा पिवळट डाग होता. रंगाचे पोपडे सुटलेले, मधे मधे पांढरी पूड आलेली. काकू म्हणाल्या, "तीन वर्षं झाली बघ पोरी. दर दिवाळीला रंग मारतोय आणि दर श्रावणात ते परत यायलंय." मला नेमकी अशीच भिंत हवी होती.

मी बेळगावातल्या दुकानांसाठी छोट्या जाहिराती करते. शहापुरातले एक रंगाचे दुकानदार, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पावसाळ्यापूर्वी वॉटरप्रूफिंगची आणि आतल्या रंगाची मिळून एक जाहिरात करूया म्हणून मागे लागले होते. माझी एकच अट होती. डाग खरा पाहिजे, दुरुस्ती खरी पाहिजे आणि दोन्ही एकाच भिंतीवर पाहिजेत. या धंद्यात बहुतेक ठिकाणी "आधी" एका घरी आणि "नंतर" दुसऱ्याच घरी शूट होतं, किंवा कोरड्या भिंतीवर स्पंजनं पाणी मारून ओल तयार करतात. अण्णांना अट पटली. फक्त त्यांना फिल्म 15 मेपर्यंत हातात हवी होती. 2025 ला मान्सून 24 मेलाच केरळात पोचला होता. एरवी तो 1 जूनच्या आसपास पोचतो. त्या वर्षी ज्यांचं काम अर्धवट राहिलं त्यांनी आता एप्रिलपासूनच चौकशा सुरू केल्या होत्या, त्यामुळे अण्णांची घाई मला कळत होती.

मेस्त्री आले. हात लावून बघितला, बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. एका जागी, दोन तळहातांएवढ्या भागात, गिलावा पोकळ वाजत होता. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून डागाच्या कडेनं सावकाश रेघ ओढली आणि बाजूला तारीख घातली. मी ते शूट केलं खरं, पण ते कशासाठी हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मेस्त्रींनी समजावलं. एप्रिलच्या मध्याला गारांचा वळीव झाला, त्यानंतर थेंब नाही. आता डाग या रेघेबाहेर सरकला, तर ओल पावसाची नाही, आतल्या नळाची किंवा टाकीच्या पाइपाची आहे. नाही सरकला, तर पावसाची. वळीव थांबला की भिंतीची परीक्षा सोपी असते, कारण पाऊस मधून बाजूला झालेला असतो.

चार दिवस रेघ तिथेच राहिली. म्हणजे पाणी बाहेरचं. पण बाहेरचं म्हणजे कुठलं?

अण्णांच्या मते गच्चीचं. त्यांनी मनात अख्ख्या गच्चीला कोटिंग करायचं धरलं होतं आणि मलाही ते बरं वाटत होतं, कारण पांढरी होत जाणारी गच्ची ड्रोनमधून फार सुंदर दिसते. मेस्त्री तयार नव्हते. 2 मेला त्यांनी गच्चीच्या पाणगळीत कापडाचा बोळा घट्ट कोंबला, त्यावर वाळूची पिशवी ठेवली आणि दोन इंच पाणी धरलं. कठड्यावर पाण्याच्या पातळीशी खूण केली. चोवीस तास झाले. उन्हानं पातळी थोडी उतरली, पण खाली भिंतीवर काही नाही, छतावर काही नाही. स्लॅब निर्दोष होता. गच्चीवर कितीही डबे ओतले असते तरी काकूंचा डाग पुढच्या श्रावणात परत आला असता.

4 मेची परीक्षा मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. मेस्त्रींनी गल्लीच्या बाजूनं परांची बांधली आणि बागेचा पाइप घेऊन भिंतीवर पाणी सोडायला लागले, तेही अगदी खालून. मी विचारलं, वरूनच का नाही? वरून सोडलं तर पाणी सगळ्या भिंतीवरून ओघळतं, मग ते कुठल्या चिरेतून आत गेलं हे कसं कळणार? खालून सुरू करायचं, एका उंचीला अर्धा तास धरायचं, आत बघायचं, काही नसेल तर वर सरकायचं. आतमध्ये काकू आणि मी भिंतीसमोर बसलो. खालचा भाग झाला, काही नाही. खिडकीच्या उंबऱ्याची उंची झाली, काही नाही. खिडकीच्या वरचा भाग झाला, तरी नाही. मग पाइप छताच्या पातळीला आला, जिथे स्लॅबखालचं बीम संपतं आणि विटांची भिंत सुरू होते. पंचवीस मिनिटं झाली असतील. पेन्सिलीच्या रेघेच्या वरच्या कडेला एक काळसर ठिपका उठला. काकूंनी माझा हात धरला. ठिपक्याचे दोन झाले, दोन एकमेकांना मिळाले आणि बघता बघता ओल रेघ ओलांडून बाहेर आली. मेस्त्रींचा मदतनीस दारातून कानडीत ओरडला, "नीर बंतु!", पाणी आलं, आणि बाहेरचं पाणी बंद झालं.

बाहेर जाऊन बघितलं तर बीम आणि विटा जिथे भेटतात त्या रेषेत, गिलाव्यावर, भिंतीच्या जवळजवळ अख्ख्या लांबीत आडवी चीर होती. केसाएवढी, कुठे कुठे नखाएवढी. उन्हात काँक्रीट आणि वीट सारखं फुगत नाहीत, गार झाल्यावर सारखं आकसत नाहीत. गिलावा दोघांवर एकच बसलेला, म्हणून तो त्याच रेषेत फाटतो. नवीन बांधताना तिथे गिलाव्याखाली जाळी मारली तर ही चीर टळते. या घराला ती मारलेली नव्हती. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून वाऱ्यासकट येतो आणि ही भिंत तोंड करून उभी आहे ती पश्चिमेलाच. उभ्या पावसात या चिरेतून फारसं काही गेलं नसतं. झोडपणाऱ्या पावसात पाणी आत ढकललं जातं, विटांत मुरतं आणि आत वीतभर खाली येऊन दिसतं.

अण्णांना मी संध्याकाळी दुकानात जाऊन सांगितलं. गच्ची नाही, चौदा फूट लांबीची एक चीर. माल कितीतरी कमी लागणार होता. ते थोडा वेळ गल्ल्यावर हात ठेवून गप्प बसले. मग म्हणाले, "जेवढं लागतंय तेवढंच दाखवूया की. लोक हिशोब करतात." त्या एका वाक्यानं आमची फिल्म ठरली.

5 मेला आतली भिंत उघडी केली. रेघेच्या बाहेर सगळीकडून आणखी फूटभर रंग आणि पुट्टी खरवडली, कारण ओल दिसते त्यापेक्षा पसरलेली असते आणि रंगाचा थर तिला आत कोंडतो. खरवडण्याआधी मेस्त्रींनी खिडकीच्या चौकटीपासून रेघेची मापं घेतली आणि उघड्या गिलाव्यावर तीच रेघ खडूनं पुन्हा काढली. पोकळ वाजणारा तुकडा छिन्नीनं काढून टाकला. पांढरी पूड, आमच्याकडे त्याला लोणा म्हणतात, कोरड्या ब्रशनं झाडून कागदावर गोळा केली आणि बाहेर टाकली. मी बादली आणायला निघाले होते, तर मेस्त्रींनी थांबवलं. तो क्षार आहे. पाण्यानं धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीत जातो आणि भिंत वाळताना पुन्हा वर येतो. दोन दिवसांनी नवीन पूड आली, तीही अशीच कोरडी झाडली. चौथ्या खेपेला जवळजवळ काही निघालं नाही.

इथून माझ्या कामातली खरी अडचण सुरू झाली. भिंत वाळताना दाखवायची होती. मी ठरवलं होतं की कॅमेरा तिवईवर कायमचा ठेवायचा, अर्ध्या अर्ध्या तासाला फोटो घ्यायचा आणि जोडायचे. पहिल्या दिवसाचे फोटो बघितले आणि पोटात गोळा आला. खिडकीतून येणारं ऊन सरकत होतं, त्यामुळे सकाळी डाग गडद दिसे, दुपारी फिकट, संध्याकाळी पुन्हा गडद. भिंत वाळतेय की ऊन फिरतंय हे कुणाला कळलंच नसतं. उजेड स्थिर ठेवायचा तर खिडकी झाकायला हवी, आणि खिडकी झाकली तर वारा बंद, मग भिंत वाळणार कशी? जाहिरातीसाठी भिंतीचं वाळणं थांबवायचं, हे काही मनाला पटेना. शेवटी उपाय साधा निघाला. दिवसभर दारं-खिडक्या सताड उघडी, पंखा चालू. रात्री आठ वाजता, बाहेर अंधार झाल्यावर, एकच दिवा एकाच जागी ठेवून एकच फोटो. तिवईच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, दिव्याच्या पायाच्याही. दिवा मुद्दाम बाजूनं, भिंतीला घासून जाईल असा, म्हणजे पोपड्याची कड आणि गिलाव्याचा खडबडीतपणा सावलीसकट दिसतो. समोरून लावलेल्या दिव्यात खराब भिंतही सपाट दिसते.

दुसरी काळजी कॅमेऱ्याची. फोनचा किंवा कॅमेऱ्याचा ऑटो मोड उजेड आपल्या हिशोबानं बदलतो. ओल्या गडद भिंतीला तो उजळवतो, नव्या पांढऱ्या रंगाला राखाडी करतो. म्हणजे आधीचं बरं दिसतं, नंतरचं फिकं. उलट कुणी हातानं सेटिंग बदलून आधीचं काळं, नंतरचं चकचकीतही करू शकतो. म्हणून पहिल्या रात्री शटर, आयएसओ, अ‍ॅपर्चर आणि व्हाइट बॅलन्स ठरवून कागदावर लिहिले आणि महिनाभर त्यांना हात लावला नाही. चौकटीच्या कोपऱ्यात एक राखाडी कार्ड टाचणीनं टांगून ठेवलं. ते कार्ड प्रत्येक फोटोत सारखं दिसलं, तर बदल भिंतीतलाच आहे.

बाहेरचं काम 7 ते 9 मे या तीन दिवसांत झालं. चीर इलेक्ट्रिक कटरनं करंगळी बसेल इतकी उघडली, तारेच्या ब्रशनं धूळ काढली. मी समजत होते की यात सिमेंट भरणार. पण सिमेंट कडक असतं. चीर हालचालीनं पडलीय, हालचाल तर थांबणार नाही, मग ते पुढच्या उन्हाळ्यात तिथेच फाटणार. म्हणून वाळल्यावरही लवचिक राहणारी क्रॅक फिलरची पेस्ट, तीही एकदम नाही. पहिल्या दिवशी निम्मी खोली भरली. ती वाळताना आकसली, मधे खाच पडली. दुसऱ्या दिवशी ती खाच भरून पातळी केली. तिसऱ्या दिवशी चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट अशी पट्टी धरून वॉटरप्रूफ कोटिंगचा पहिला हात, तो ओला असतानाच त्यात फायबरची जाळी बसवली आणि सहा तासांनी उलट्या दिशेनं दुसरा हात. पहिला आडवा तर दुसरा उभा, म्हणजे ब्रशच्या केसांनी सोडलेल्या फटी झाकल्या जातात. डब्यावर दोन हातांमधे किती वेळ सोडायचा ते लिहिलेलं असतं. ते सहा तास मी परांचीवर बसून काढले, कारण मला दुसरा हात त्याच उन्हात पाहिजे होता आणि तो मिळाला नाही. ती चौकट थोडी वेगळी दिसते. तशीच ठेवली.

आत, पोकळ तुकडा काढला होता त्या जागी, 8 मेला एकास चार सिमेंट-वाळूचा गिलावा केला आणि सात दिवस त्यावर ओलं पोतं धरलं. म्हणजे वाळत असलेल्या भिंतीत आपणच पुन्हा पाणी घातलं. माझ्या रात्रीच्या फोटोंत तो चौकोन आठवडाभर काळाच दिसतो. बघणाऱ्याला वाटेल काम बिघडलं, म्हणून तिथे खाली एक ओळ टाकावी लागली.

16 मेला तीच पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. आता थेट चिरेवर, तीन तास. या दृश्यात दाखवायचं होतं ते म्हणजे काहीच न होणं, आणि हे कॅमेऱ्याला फार अवघड. नुसती कोरडी भिंत कितीही वेळ दाखवली तरी बाहेर पाणी चालू आहे यावर कुणी का विश्वास ठेवावा? मी काकूंचं भिंतीवरचं घड्याळ काढून खडूच्या रेघेशेजारी टांगलं. बाहेर मेस्त्रींच्या मागे तसंच दुसरं घड्याळ, दोन्ही एकत्र लावलेली. दोन कॅमेरे, मधे एकही तोड नाही. फिल्ममधे ते तीन तास वीस सेकंदांत पळतात. बाहेर पाणी कोसळतंय, आत काटे फिरतायत आणि रेघेच्या आत एक ठिपकाही उठत नाही. मला विचाराल तर अख्ख्या जाहिरातीतली मला सगळ्यात प्रिय हीच वीस सेकंदं आहेत. काकू तीन तास समोर बसून होत्या. शेवटी उठून त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

पण 15 मे तर उलटून गेली होती, आणि अण्णांना आता रंग मारायचा होता. 20 मेला ते स्वतः घरी आले. भिंत पांढरट, कोरडी, हाताला ऊबदार. "वाळलीय की ओ, अजून कशाची वाट बघायची?" मेस्त्रींनी काही वाद घातला नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेतला, भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं हवाबंद बसवला आणि म्हणाले, सकाळी या. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. भिंतीचा पृष्ठभाग वाळतो आधी, पोट वाळतं नंतर. नऊ इंची भिंत आरपार भिजली असेल तर तिला महिने लागतात. आमची नशिबानं तेवढी भिजलेली नव्हती. अण्णांनी ते थेंब बोटानं पुसले आणि मला म्हणाले, हे पण फिल्ममधे घाल.

घाईवर तोडगाही त्यातूनच निघाला. फिल्मचे दोन भाग केले. पहिला भाग, चीर शोधण्यापासून पाण्याच्या दुसऱ्या परीक्षेपर्यंत, 22 मेला सोडला. त्याचा शेवट उघड्या, रंग नसलेल्या भिंतीवर आणि "भिंत अजून वाळत आहे" या ओळीवर. दुकानात लोक येऊन विचारायला लागले, वाळली का ती भिंत? मराठीत एक आणि कानडीत एक अशा दोन्ही फिल्म केल्या होत्या, आणि खाली येणाऱ्या सूचनाही त्या त्या भाषेत. फसव्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रानं 2022 ला जे नियम केले, त्यांत दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा द्यायला सांगितलं आहे. मराठीत मोठ्यानं हमी द्यायची आणि तिच्या अटी इंग्रजीत बारीक छापायच्या, असं आपल्या भागात सर्रास बघितलंय. वयस्कर माणसं त्यात फसतात. आम्ही अटी बोलूनच दाखवल्या.

27 मेला प्लास्टिक कोरडं निघालं. त्या रात्रीचा फोटो तेविसावा. पुढचं काम भराभर झालं. 28 आणि 29 ला पुट्टीचे दोन पातळ हात आणि मधे घासकाम, 30 ला प्रायमर, 31 ला इमल्शनचे दोन हात, मधे पाच तास. रंग काकूंनी निवडला, कोवळ्या लिंबाचा. मी फक्त एवढं सांगितलं की नुसता डागापुरता रंग मारू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत करा. जुन्या रंगावर नवा तुकडा, तोच नंबर असला तरी, बाजूच्या उजेडात वेगळा उठतो. शेवटच्या दृश्यात दिवा, कॅमेरा, कार्ड, सगळं पहिल्या रात्रीच्याच जागी होतं. रंगाला वेगळी झळाळी दिली नाही.

दुसरा भाग 2 जूनला गेला. त्याच्या अखेरीस मराठीत वाचून दाखवलेली ओळ अशी आहे: "हे काम 28 एप्रिल ते 31 मे चाललं. ओल बाहेरच्या चिरेतून येत होती. तुमच्या भिंतीचं कारण वेगळं असू शकतं, आधी ते शोधा."

त्या ओळीमुळेच अण्णांच्या दुकानात सगळ्यात जास्त चौकशी आली ती भलत्याच ओलीची. खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे लोक फोटो पाठवायला लागले आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फोटोंत ओल वर नव्हती, जमिनीलगत होती, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चढलेली, वरची कड सगळीकडे जवळजवळ सारखी. ती पावसाच्या चिरेची नाही. ती घराच्या पायातून भिंतीत चढणारी ओल. तिच्यावर आमचं कोटिंग मारलं तर ती तिथे कोंडून आणखी वर चढेल. अण्णांनी त्या लोकांना तसं स्पष्ट सांगितलं आणि डबा विकला नाही.

जुलैत झडीचा पाऊस लागला तेव्हा मी काकूंकडे गेले. पश्चिमेची भिंत कोरडी होती. चहा घेताना त्यांनी स्वयंपाकघराचा कोपरा दाखवला, तिथे जमिनीपासून हातभर वर फिकट पट्टा उठला होता. मेस्त्री सोबत होते. त्यांनी पेन्सिल काढली, पट्ट्याच्या वरच्या कडेनं रेघ ओढली आणि तारीख घातली.